रोडावलेलं बाळ आणि खुंटलेली उंची: कुपोषणाचे तीन शब्द मराठीत नेमके कसे सांगायचे?

सप्टेंबरात पोषण माह आला की वर्तमानपत्रांत आकडे येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के 'स्टंटेड', २५.६ टक्के 'वेस्टेड' आणि ३६.१ टक्के 'अंडरवेट' होती. बातमीत या तिन्हींना बहुतेक वेळा एकच शब्द मिळतो, 'कुपोषित'. वाचणाऱ्याने तिन्ही आकड्यांची बेरीज केली तर ती ९६.९ होते, म्हणजे राज्यात धड मूलच उरत नाही! बेरीज चुकते, कारण एकच मूल दोन किंवा तिन्ही आकड्यांत मोजलेलं असू शकतं.

बातमी वाचणाऱ्याचा गोंधळ संध्याकाळपर्यंत विसरला जातो. हाच गोंधळ आशाताईंच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या प्रशिक्षण पत्रकात शिरला, तर ज्या बाळाला या आठवड्यात उपचार हवेत ते पुढच्या महिन्याच्या वजनाची वाट पाहत राहतं. म्हणून हे तीन शब्द मराठीत कसे आणायचे, हा प्रश्न भाषेचा जितका आहे तितकाच उपचाराचाही आहे.

एकच वजन, दोन वेगळी बाळं

शब्दांकडे जाण्याआधी दोन मुली डोळ्यांसमोर आणू. दोघींना अठरा महिने पूर्ण झालेत. दोघींचं वजन बरोबर ८ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीसाठी वजनाची खालची रेघ ८.१ किलोवर आहे. दोघी त्या रेघेखाली आहेत, म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात दोघींचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडतो. दोघी 'अंडरवेट'.

आता दोघींची उंची घेऊ. पहिली भरते ७४ सेंटिमीटर. अठरा महिन्यांच्या मुलीसाठी उंचीची खालची रेघ ७४.९ आहे, म्हणजे तिची उंची वयाच्या मानाने कमी आहे. पण ७४ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला ८ किलो वजन ठीकच असतं. अंग भरलेलं, चण लहान. ही मुलगी 'स्टंटेड' आहे, 'वेस्टेड' नाही.

दुसरी भरते ८० सेंटिमीटर. या वयाची मधली उंची ८०.७ आहे, म्हणजे तिच्या उंचीत काही कमी नाही. मात्र ८० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं वजन निदान ८.५ किलो हवं, आणि ७.८ च्या खाली गेलं तर ते अतिगंभीर. ही ८ वर आहे. उंची नीट वाढली, पण अंगावर मांस राहिलं नाही. ही 'वेस्टेड' आहे, आणखी २०० ग्रॅमहून जास्त उतरली तर अतिगंभीर गटात जाईल.

वजनकाट्याने या दोघींना एकाच रकान्यात बसवलं. पहिलीच्या घरी कित्येक महिन्यांचं काम आहे: दिवसातून किती वेळा भरवलं जातं, डाळ-अंडं-दूध पोटात जातं का, जुलाब वारंवार होतात का, पुढचं बाळंतपण जवळ आहे का. दुसरीला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचं आहे, तिची भूक तपासायची आहे, ताप-जुलाब-न्यूमोनिया नाही ना हे बघायचं आहे.

आणि एक तिसरी मुलगी लक्षात ठेवायला हवी. वय तेच, उंची ७४, वजन ८.६ किलो. वजनाच्या आलेखावर ती हिरव्यात आहे. फक्त वजन घेणाऱ्या अंगणवाडीत तिच्याबद्दल कोणी बोलणारच नाही, आणि तिची उंची मात्र खुंटलेली आहे.

पत्रकाने सेविकेला या तीन मुली वेगळ्या ओळखायला शिकवलं पाहिजे. भाषांतर जमलं की नाही, याची कसोटी तीच.

रेघ कुठून आली?

पत्रकात 'वजा दोन एसडी' हे अक्षर येतंच. त्याला 'प्रमाण विचलन' असा प्रतिशब्द आहे. तो संख्याशास्त्राच्या वर्गात ठीक, इथे नको. सेविकेला रेघ पुरते: मधली रेघ, वजा दोनची रेघ, म्हणजे वर आलेली खालची रेघ, आणि वजा तीनची रेघ.

अर्थ सांगायला एक ओळ लागते. नीट खाऊ-पिऊ घातलेली, निरोगी, एकाच वयाची शंभर मुलं ओळीत उभी केली, तर साधारण दोनच मुलं वजा दोनच्या रेघेखाली असतील. वजा तीनच्या खाली हजारात एखादं. म्हणून एखादं मूल रेघेखाली दिसलं तर ते जात्याच लहान चणीचं असू शकतं; पण एखाद्या पाड्यावर शंभरातली पस्तीस रेघेखाली दिसली तर ते चणीने समजावता येत नाही.

ही रेघ परदेशी मुलांवरून काढली, असा आक्षेप प्रशिक्षणात हमखास येतो. २००६ साली आलेला हा तक्ता सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवर उभा आहे: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दिल्लीतली होती. स्तनपान मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या आयांची, वाढीला आडकाठी नसलेल्या घरांतली मुलं मुद्दाम निवडली होती. त्या सहा ठिकाणी मुलांची उंची पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखीच वाढली. 'आई-बाप बुटके म्हणून बाळ बुटकं' याचं उत्तर यात आहे. घराण्याचा वाटा असतो, पण या वयात तो लहान असतो. शिवाय आईची उंची तिच्या स्वतःच्या लहानपणी खुंटलेली असू शकते, हे तर कोणी विचारातच घेत नाही.

वेस्टिंग: 'वाया', 'क्षय' आणि 'कृश' का नकोत?

तिघांत सर्वांत अवघड शब्द हाच. शब्दकोश उघडून भाषांतर केलं की तो पहिल्याच पावलावर घसरतो. 'वाया गेलेलं मूल' मराठीत बिघडलेलं, हाताबाहेर गेलेलं मूल असतं. 'क्षय' म्हटलं की गावात टीबी समजतात. बाळाला क्षय झाला असं सेविकेने सांगितलं तर आई बाळाला घेऊन वेगळ्याच रांगेत उभी राहील. 'झीज' हाडांची होते आणि म्हातारपणी होते.

'कृश' बरोबर आहे, पण पुस्तकी. लेखी परीक्षेत तो पाठ होतो आणि ओट्यावर बसून आईशी बोलताना तोंडात येत नाही. सरकारी कागदांत 'लुकडेपणा' दिसतो, आणि तो सर्वांना कळतो. त्याची अडचण निराळी: लुकडं हे माणसाचं कायमचं वर्णन आहे. 'आमच्याकडे सगळेच लुकडे' असं म्हणून सासू विषय मिटवते. जोडीला 'सडपातळ' हा शब्द तर कौतुकाचाच.

मराठीत 'रोडावणे' हे क्रियापद आहे. त्यात आधी बरं होतं, आता उतरलं, हा काळ आपोआप येतो. 'बाळ रोडावलंय' म्हटलं की पुढचा प्रश्न सहज निघतो: कधीपासून? जुलाब झाले होते का? दूध तोडलं का? वेस्टिंगमध्ये नेमकं हेच विचारायचं असतं, कारण ते बहुधा आठवड्यांत घडतं. पावसाळ्यातले जुलाब, गोवर, कामासाठी घर सोडून केलेलं स्थलांतर, आईचं आजारपण, अशा एखाद्या धक्क्यानंतर. कित्येक भागांत बायका 'बाळ सुकलं', 'हडकलं', 'वाळलं' असंही म्हणतात. जिथे जो चालतो तो घ्यावा.

'रोडावणे'लाही एक मर्यादा आहे, ती पत्रकात लिहायला हवी. काही बाळं जन्मापासूनच हडकुळी असतात, कधी भरलेलीच नसतात. ती 'उतरली' असं म्हणता येत नाही, तरी ती वेस्टेड असतात. म्हणून शब्दाखाली व्याख्या लागतेच: उंचीच्या मानाने वजन कमी. शब्द घरासाठी, व्याख्या नोंदवहीसाठी.

या मापाला वय लागत नाही, हे वेगळं अधोरेखित करावं. जिथे जन्मतारीख 'पोळ्याच्या आगेमागे' एवढीच ठाऊक असते, तिथेही उंची आणि वजन घेतलं की बाळ रोडावलंय का हे सांगता येतं. बाकीची दोन्ही मापं चुकीच्या वयाने कोलमडतात.

स्टंटिंग: खुजं म्हणायचं की खुंटलेलं?

'खुजेपणा' आणि 'बुटकेपणा' हे दोन्ही शब्द वापरात आहेत. ते कळतात, पण लागतातही. खुजा म्हणजे जन्मजात ठेंगणा, आणि तो शब्द चिडवायला वापरतात. आईच्या मांडीवरच्या बाळाला खुजं म्हटलं की ती पुढचं ऐकत नाही. शिवाय जन्मजात म्हटल्यावर उपाय संपतो.

शेतीतला शब्द इथे जास्त खरा आहे. एकाच वाफ्यातली दोन रोपं, एक कडेच्या मुरमाड जागेवर लावलेलं. ते मरत नाही, पानंही हिरवी असतात, पण वाढ खुरटलेली राहते. ते रोप बी खराब म्हणून लहान राहिलं असं शेतकरी एकदम म्हणत नाही. पाणी, खत, ऊन बघतो. 'वाढ खुंटली', 'रोप खुरटलं' हे शब्द कारण शोधायला लावतात. म्हणून स्टंटिंगसाठी उंची खुंटणे, आणि व्याख्या: वयाच्या मानाने उंची कमी.

'वाढ खुंटणे' असं मोघम लिहू नये. वाढ वजनाचीही असते, बुद्धीचीही. 'वाढ खुंटलेलं मूल' ऐकून मतिमंद मूल असा अर्थ घेतला जातो. उंची हा शब्द सोडायचा नाही.

'खुंटली' या भूतकाळात आणखी एक धोका आहे: आता झालंच, काही होणार नाही. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत उंची सर्वांत जास्त खुंटते, आणि नंतर भरून काढणं कठीण जातं, हे खरं आहे. पण दहा महिन्यांचं बाळ अजून त्या हजार दिवसांच्या आतच आहे. त्यामुळे पत्रकात चालू काळ वापरावा: 'बाळाची उंची मागे पडतेय.' आईशी बोलताना तर हेच वाक्य बरं.

उंची खुंटलेल्या बाळाला रोडावलेल्या बाळाचा आहार द्यायचा नाही, हे इथेच सांगून टाकावं. पहिल्या मुलीचं वजन तिच्या उंचीला पुरेसं आहे. तिला नुसतं तूप-साखर भरवून वजन चढवलं तर उंची वाढत नाही, अंग मात्र सुटतं. तिला हवेत डाळ, अंडं, दूध, भाज्या यांसारखे निरनिराळे पदार्थ, आजारपणं कमी होणं, स्वच्छ पाणी, आणि आईची काळजी.

अंडरवेट: सोपा दिसणारा शब्द

'कमी वजन' इतकं सरळ आहे की भाषांतरकार तिथे थांबतच नाही. पण मराठीत याच दोन शब्दांना आणखी दोन अर्थ चिकटलेले आहेत. एक, जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी भरलेलं बाळ. सेविका त्यालाही 'कमी वजनाचं बाळ' म्हणतात. दोन, 'वजन कमी झालं', म्हणजे गेल्या महिन्यापेक्षा उतरलं. अंडरवेट या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. एखादं बाळ दरमहा वजन वाढवत असेल आणि तरी रेघेखाली असेल. उलट एखादं बाळ हिरव्यात असूनही दोन महिने उतरत असेल, आणि चिंता त्याचीच जास्त करायची असते.

म्हणून तीन वेगळी वाक्यं ठेवावीत: 'जन्मावेळी वजन कमी', 'वजन उतरलं' आणि 'वयाच्या मानाने वजन कमी'. तिसरं म्हणजे अंडरवेट. आणि त्याच्या शेजारी एक सूचना: असं बाळ दिसलं की उंची मोजा, मगच ते खुंटलंय की रोडावलंय हे कळेल. ताप आला म्हणजे मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही, तपासणी लागते. वजनाचं तसंच आहे.

वजनच इतकी वर्षं का मोजलं, याचं कारण साधं आहे. काटा टांगणं सोपं, उंची नीट घेणं अवघड. मेक्सिकोतल्या गोमेझ यांनी १९५६ मध्ये वयाप्रमाणे वजनाची वर्गवारी मांडली आणि ती जगभर चालली. खुंटणं आणि रोडावणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे जॉन वॉटरलो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ठसवलं. आपल्याकडे जुन्या सेविका आजही 'श्रेणी तीनचं, श्रेणी चारचं बाळ' म्हणतात. ती श्रेणी वजनाचीच होती. नव्या पत्रकात 'श्रेणी' हा शब्द दुसऱ्या कशासाठीही वापरू नये, नाहीतर जुनी वर्गवारी डोक्यात परत येते.

'तीव्र' या शब्दाने केलेला घोळ

या पत्रकातली सर्वांत महागडी चूक इथे होते. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत: 'अक्यूट' म्हणजे अलीकडे, झपाट्याने आलेलं, आणि 'सिव्हिअर' म्हणजे गंभीर. मराठीत दोन्हींना 'तीव्र' लिहिण्याची सवय आहे. मग सॅमचं, म्हणजे 'सिव्हिअर अक्यूट मॅलन्यूट्रिशन'चं भाषांतर 'तीव्र तीव्र कुपोषण' होऊ नये म्हणून कोणी 'अतितीव्र' लिहितो, कोणी एक तीव्र गाळतो. मॅमचं, म्हणजे 'मॉडरेट अक्यूट मॅलन्यूट्रिशन'चं 'मध्यम तीव्र' होतं, आणि वाचणारी विचारते, मध्यम की तीव्र?

घोळ एवढ्यावर थांबत नाही. वजनाच्या आलेखात केशरी पट्ट्यातल्या बाळाला 'तीव्र कमी वजन' म्हणतात. रोडावण्यातल्या सर्वांत खालच्या गटाला 'तीव्र कुपोषित' म्हणतात. दोन्हींत तीव्र आहे, म्हणून दोन्ही एकच, असा समज होतो. मग केशरीतलं, उंची फार खुंटलेलं पण अंगाने ठीक असलेलं बाळ उगाच पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं जातं, आणि पिवळ्यातलं, उंच पण अगदी हाडं निघालेलं बाळ घरी राहतं.

यातून वाट अशी. 'अक्यूट'चं भाषांतर शब्दाने करायचंच नाही. 'रोडावणे' म्हटलं की ते त्यात आलं. गंभीरपणासाठी 'मध्यम' आणि 'अतिगंभीर' एवढेच दोन शब्द, तिन्ही मापांना तेच. वजा दोन आणि वजा तीनच्या रेघांमध्ये आहे ते मध्यम, वजा तीनच्या खाली ते अतिगंभीर. 'तीव्र' पत्रकातून पूर्ण काढावा. सॅम आणि मॅम मात्र ठेवावेत, कारण नोंदवहीत, ॲपमध्ये आणि डॉक्टरांच्या तोंडी तेच आहेत. त्यांच्यासमोर एकदाच लिहावं: 'सॅम म्हणजे अतिगंभीर रोडावलेलं बाळ. मॅम म्हणजे मध्यम रोडावलेलं बाळ. उंची खुंटण्याला सॅम-मॅम म्हणत नाहीत.'

शेवटचं वाक्य अनेक पत्रकांत नसतं. ते असावं.

मग सगळंच इंग्रजीत ठेवलं तर?

सेविका सॅम-मॅम बोलतातच, मग स्टंटिंग-वेस्टिंगही बोलतील, भाषांतराचा खटाटोप कशाला, असं अधिकारी विचारतात. नोंदीपुरतं ते चालेलही. पण सॅम हा शब्द सेविकेला कळला आहे की नुसता ओळखीचा झाला आहे, हे बाहेरून दिसत नाही. परक्या शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो. जो पहिला शिकवेल त्याचा अर्थ त्याला चिकटतो. 'सॅम म्हणजे लाल बाळ' एवढंच शिकलेली सेविका दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी हिरवी आली की निश्चिंत होते, उंची-वजन बघत नाही. खरं तर पट्टी आणि उंची-वजन प्रत्येक वेळी तीच बाळं पकडत नाहीत. दोन्हींपैकी एकाने सांगितलं तरी बाळ सॅम धरायचं.

पट्टीच्या मापासाठी मराठीत 'दंडघेर' हा नेटका शब्द आहे, तो 'एमयूएसी' या इंग्रजी अक्षरांपेक्षा चांगला. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या बाळाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, ११.५ ते १२.५ च्या आत पिवळा, पुढे हिरवा. पट्टीतला लाल आणि वजनाच्या आलेखातला केशरी यांचा एकमेकांशी संबंध नाही, हेही लिहून टाकावं. दोन कागदांवर पिवळा रंग दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

'लांबी', 'सूज' आणि इतर लहान शब्द

मोठे शब्द जमले तरी लहान शब्द माप बिघडवतात. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतात, इंग्रजीत त्याला 'लेंग्थ' म्हणतात, उभ्याने मोजलं की 'हाइट'. पत्रकात 'लांबी' आणि 'उंची' लिहिलं की गोंधळ होतो, कारण बाळाची लांबी असं मराठीत कोणी म्हणत नाही. लांबी कापडाची असते. 'आडवी उंची' आणि 'उभी उंची' लिहावं. तेच मूल झोपवून मोजलं तर उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, म्हणून कोणती मोजली ते नोंदवायचं.

'पाय सरळ ठेवा' एवढं पुरत नाही. 'दोन्ही गुडघे हलके दाबून टेकवा, तळवा फळीला पूर्ण चिकटवा, अंबाडा किंवा रबरबँड सोडा' असं लिहावं. गुडघे वाकलेले राहिले की उंची कमी भरते. मग न खुंटलेलं बाळ खुंटलेलं दिसतं, आणि रोडावलेलं बाळ ठीक दिसतं, कारण कमी उंचीला कमी वजन पुरतं. वरच्या पहिल्या मुलीची उंची रेघेपासून फक्त ९ मिलिमीटर खाली आहे. वजन तर १०० ग्रॅमच खाली. अंगात स्वेटर ठेवून तोललं असतं तर ती वर गेली असती.

'सूज' हा दुसरा शब्द. इंग्रजीतल्या 'एडिमा'साठी तो बरोबर आहे, पण आई सुजलेल्या बाळाला सुजलेलं म्हणत नाही, 'बाळसं धरलंय' म्हणते. गाल आणि पाय भरल्यासारखे दिसतात, वजनही वाढतं, म्हणून काट्यावर सगळं छान. त्यामुळे शब्दाऐवजी कृती लिहावी: दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. अंगठा उचलल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला, तर उंची-वजन काहीही असो, बाळ अतिगंभीर आहे; त्याच दिवशी दवाखान्यात.

आईला काय सांगायचं?

पत्रकात दोन रकाने ठेवावेत. एक नोंदवहीचा, एक घरी बोलायचा. नोंदवहीत 'सॅम', घरी 'कुपोषित' हा शब्दसुद्धा नको. तो आईला दोष दिल्यासारखा ऐकू येतो. दुसऱ्या मुलीच्या आईशी बोलणं असं होईल: 'ताई, पोरीची उंची छान वाढलीये, पण त्या मानाने अंग भरलेलं नाही, रोडावलीये. उद्या आपण दोघी डॉक्टरांना दाखवून येऊ.' पहिलीच्या आईशी: 'ताई, अंगाने ठीक आहे, पण उंची जराशी मागे पडतेय. तिला दिवसातून काय-काय भरवता ते सांगा बघू.' आजी शेजारी बसली असेल तर तिलाही विचारायचं, कारण भरवणारी बहुधा तीच असते.

पत्रक छापण्याआधी

भाषांतर बरोबर आहे का हे इंग्रजी जाणणाऱ्याने वाचून कळत नाही; तो मनात मूळ शब्द धरून वाचतो. मूळ कागद न पाहिलेल्या कोणाकडून मराठी पत्रक पुन्हा इंग्रजीत करवून घ्यावं. 'रोडावलेलं' परत 'थिन फॉर हाइट' असं आलं तर ठीक. 'अतितीव्र' 'व्हेरी अक्यूट' होऊन परत आलं, तर चूक कुठे आहे ते दिसलं.

त्यानंतर पाच-सहा सेविकांसमोर वरच्या तीन मुलींची कार्डं ठेवावीत, फक्त वय, वजन, उंची आणि रेघांचे आकडे लिहून. 'कळलं का?' विचारू नये; सगळ्या हो म्हणतात. 'हिच्या घरी जाऊन काय बोलाल?' असं विचारावं. दोघी-तिघींनी पहिल्या मुलीला लगेच केंद्रात पाठवलं, तर सेविका कच्च्या नाहीत, पत्रकातली ओळ कच्ची आहे. तिसऱ्या मुलीला सगळ्यांनी 'हिरव्यात आहे' म्हणून सोडलं, तर 'अंडरवेट'चा परिच्छेद पुन्हा लिहायचा.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारात भिली आणि पावरी बोलणाऱ्या घरांत हे मराठी पत्रकसुद्धा दुसऱ्याच भाषेतलं असतं. तिथे 'रोडावणे' आणि 'उंची खुंटणे' यांच्यासमोर एक रकाना रिकामा सोडावा आणि त्यावर लिहावं: 'तुमच्या गावात याला काय म्हणतात?' प्रशिक्षणाच्या दिवशी तो रकाना सेविकांनी आपसात बोलून स्वतः भरायचा, आणि त्यातला एखादा शब्द शिवी किंवा दुसऱ्या आजाराचं नाव नाही ना, हे त्याच गावच्या दुसऱ्या बाईला विचारून मगच पक्का करायचा.